‘छान’ या शब्दाचा खुलासा

माझ्याविरुद्धची तक्रार मला एका शुक्रवारी, ओपीडी संपता संपता मिळाली. आमचे वैद्यकीय अधीक्षक स्वतः खाली आले होते. ते मुळातले सर्जन, माझ्याहून बरेच मोठे, आणि मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करणारे. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सात दिवसांत लेखी उत्तर दे. आणि हे बघ, डोकं शांत ठेवून लिही."

माझं डोकं शांत नसतं, हे बोरिवलीच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात लिफ्टमनलाही ठाऊक आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, आणि दिवसभर दुसऱ्यांची डोकी शांत करून माझ्यासाठी काही उरत नाही, असं मी हसत हसत सांगते. लोकही हसतात. तेव्हा तरी हसायचे.

तक्रार तीन पानांची होती. निळ्या शाईचं, शाळेत बक्षीस मिळावं असं अक्षर. तक्रार करणारी बाई माझी जुनी पेशंट होती. गोराईच्या कोळीवाड्यातली, मासळी विकणारी, माझ्याच वयाची. पूर्वी तिला मनाच्या उसळीचे आणि खचण्याचे मोठे झटके यायचे. उसळी आली की चार चार दिवस झोपायची नाही, सगळ्या बाजाराला फुकट मासळी वाटायची. आणि खचली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लिथियमच्या गोळीनं हे सगळं थांबलं होतं. कित्येक वर्षं ती दर महिन्याला फेरीबोटीनं खाडी ओलांडून येत होती, ठीक आहे म्हणत होती, गोळ्या घेऊन जात होती. माझ्या दृष्टीनं ती यशाची गोष्ट होती. यशाच्या गोष्टींकडे आपण फारसं बघत नाही.

तक्रारीचं अक्षर तिच्या मुलीचं होतं, सही बाईंची. मी ती कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्याच वाचली. ‘डॉक्टरांनी मला दोन मिनिटांत बाहेर काढले,’ हे वाक्य पहिल्याच पानावर होतं आणि तिथेच माझी तार सटकली. पुढचं मी वाचलं म्हणजे त्यावरून डोळे फिरवले. ‘मान वर केली नाही’, ‘माझे बोलणे संपले नव्हते’, ‘पुढचा पेशंट आत घेतला’. पुरे झालं. फाईल मिटली.

आता त्या ‘पुढचा पेशंट आत घेतला’बद्दल सांगायला हवं, कारण ती पद्धत माझी होती. मीच बसवलेली. आमच्या खात्यात कुणालाच न आवडणारी एक गोष्ट म्हणजे गर्दी. सकाळची ओपीडी दुपारच्या जेवणापर्यंत संपवायची, तर मी नियम केला होता: आत एक, दारात एक. मी प्रिस्क्रिप्शन लिहायला घेतलं, की दाराशी बसलेल्या मावशींनी पुढच्याला आत घ्यायचं. तो दाराला टेकून उभा राहायचा. आतला पेशंट आपोआप उठायचा. कुणाला ‘आता उठा’ असं सांगावं लागायचं नाही. मला ही युक्ती फार झकास वाटायची. दुसऱ्या खात्यांचे डॉक्टर विचारायचे, तू एवढ्या लवकर कशी काय उरकतेस, आणि मी अभिमानानं दाराकडे बोट दाखवायचे.

घरी, मरोळला, मी उत्तराचा पहिला मसुदा लिहिला. लिहिला कसला, ठोकला. सुरुवातीलाच कॉम्प्युटरवरच्या टोकनच्या नोंदी दिल्या. बाईंचं टोकन पुकारल्यापासून पुढचं टोकन पुकारेपर्यंत चार मिनिटं झाली होती. तेव्हा ‘दोन मिनिटे’ हा आरोप वस्तुस्थितीला धरून नाही, असं मी लिहिलं. चार म्हणजे दोनाच्या दुप्पट. या हिशोबाचा मला खरंच आनंद झाला होता, हे आता लिहिताना कानकोंडं व्हायला होतं. पुढे लिहिलं की रुग्ण दीर्घकाळ स्थिर आहे, केसपेपरवर ‘झोप ठीक, भूक ठीक, हेच औषध चालू, एक महिन्याने’ अशी नोंद आहे, आणि उपचारात कोणताही बदल केलेला नसल्यामुळे घाईमुळे काही नुकसान होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

‘प्रश्नच उद्भवत नाही.’ हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "जरा कडक झालंय." मी म्हटलं, "असू दे."

शनिवारी आणि रविवारी मी त्या मसुद्यावर हात फिरवत होते. मूळ तक्रार बॅगेतच होती, पण ती पुन्हा काढायची गरज मला वाटली नाही. काय लिहिलंय ते मला पाठ आहे, अशी माझी खात्री होती. रविवारी आमच्याकडे कोलंबीचं कालवण होतं. मी ताटात वरून मीठ मागून घेतलं. तो मिठाचा सट, तो चमचा, नवऱ्याचं "बीपी वाढेल हं" हे सगळं मला आजही असं दिसतं की जणू कुणी ते माझ्यासमोर पुन्हा पुन्हा मांडून ठेवतंय.

सोमवारी मी मसुदा अधीक्षकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"हे उत्तर नाही गं. हे भांडण आहे."

"मग काय लिहू, सर?"

"पद्धत आहे एक. तिच्या तक्रारीतला एकेक परिच्छेद घ्यायचा. त्याला नंबर द्यायचा. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत वर लिहायचं, खाली तुझं. मान्य असेल तर मान्य, नसेल तर का नाही. एकही परिच्छेद गाळायचा नाही. उद्या बाई वरच्या मंडळाकडे गेली, तर ते पहिलं हेच बघतील."

कुरकुरत मी माझ्या खोलीत आले. ओपीडी संपली होती. मावशी जेवायला गेल्या होत्या. मी तक्रार काढली, पेन्सिल घेतली आणि परिच्छेदांना नंबर घालायला लागले. तिचे शब्द माझ्या कागदावर उतरवून घ्यायचे म्हणजे सावकाश वाचणं आलं.

पहिला, दुसरा, तिसरा. वेळ, मान वर न करणं, दारातला माणूस. चौथ्यात लिहिलं होतं: ‘मी डॉक्टरांना सांगितले की गावातल्या दवाखान्यात माझे ब्लडप्रेशर जास्त निघाले. त्यांनी नवीन गोळी दिली आहे, तिने लघवीला फार होते. ती गोळी दाखवण्यासाठी मी पिशवीतून पट्टी काढत होते, तेवढ्यात पुढचा माणूस आत आला म्हणून मी पट्टी परत ठेवली.’

मी लिहून घेतलं. हात थोडा मंदावला.

पाचवा: ‘मी हेही सांगितले की मी मीठ पूर्ण सोडले आहे. सुकी मासळी सोडली, लोणचे सोडले, कालवणातही घालत नाही. त्यावर डॉक्टर खाली बघून लिहिता लिहिता "छान" म्हणाल्या. एवढेच बोलल्या.’

सहावा: ‘आता माझे हात फार थरथरतात. मासळी कापताना कोयता धरवत नाही. उलट्या आणि जुलाब होतात. चालताना दारू प्यायल्यासारखे होते, जीभ जड झाली आहे. ओपीडीत फोन केला तर तारखेलाच या असे सांगितले. डॉक्टरांनी नीट तपासले असते तर हे कळले नसते काय?’

मानसोपचार न शिकलेल्या वाचकासाठी सांगते. लिथियम हाही एक क्षारच. आपल्या मूत्रपिंडाला तो आणि रोजचं मीठ सख्ख्या भावांसारखे वाटतात. शरीरात मीठ कमी पडलं, की मूत्रपिंड घाबरून मीठ धरून ठेवायला लागतं आणि त्या भरात लिथियमही धरून ठेवतं. त्यात लघवी वाढवणारी ब्लडप्रेशरची गोळी असेल तर विचारायलाच नको. गोळी तीच, मात्रा तीच, पण रक्तात ती साठत जाते आणि औषधाचं विष होतं. आधी हात थरथरतो, पोट बिघडतं, मग तोल जातो, जीभ अडखळते. त्यापुढे गुंगी, झटके आणि शेवट. म्हणून लिथियम घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायचं असतं: मीठ अचानक सोडू नका, पाणी भरपूर प्या, दुसऱ्या कुणी नवीन गोळी दिली तर आधी मला दाखवा. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं असतं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. हे मी शिकाऊ डॉक्टरांना फळ्यावर लिहून शिकवते. या बाईंनी मला हे तोंडानं सांगितलं होतं, नवीन गोळी पिशवीतून काढत होत्या, आणि मी ‘छान’ म्हटलं होतं.

आणि आता त्यांनी तेच लिहून पाठवलं होतं, सगळी लक्षणं ओळीनं, आणि मी शुक्रवारपासून ते बॅगेत घेऊन फिरत होते.

मी केसपेपर काढला. लिथियमची शेवटची रक्ततपासणी वर्षापेक्षा जुनी होती. केसपेपरवर घरचा फोन नंबर होता. आमच्याकडे नियम आहे की तक्रार आली की पेशंटशी थेट बोलायचं नाही, सगळं ऑफिसमार्फत. मी ऑफिसच्या फोनवरून नाही, माझ्या मोबाईलवरून फोन केला.

मुलीनं उचलला. मी कोण ते सांगितलं.

मग ती म्हणाली, "मॅडम, आम्ही तक्रार मागे घेणार नाय."

"नका घेऊ. आई कशी आहे ते सांग."

"झोपलीय. दोन दिवस नुसती झोपूनच आहे. उठवली की काहीतरी बडबडते, मग परत झोपते. आम्हाला वाटलं अशक्तपणा."

"सकाळची गोळी दिलीस?"

"हो, दोन्ही. वेळेवर देते मी."

वेळेवर देते मी. त्या पोरीचा सगळा दोष एवढाच होता की ती वेळेवर देत होती. मी तिला म्हटलं, आता एकही गोळी द्यायची नाही, लिथियमची नाही आणि ब्लडप्रेशरचीही नाही. पट्ट्या सगळ्या बरोबर घे. आईला तशीच उचलून घेऊन ये, कॅज्युअल्टीत, मी दारात उभी आहे.

"मॅडम, बोटीनं यावं लागेल. रस्त्यानं फार वेळ जाईल."

"बोटीनं ये."

तिनं शेजारचे दोन पुरुष बोलावले. त्यांनी बाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट बोटीत चढवलं. इतकी वर्षं त्याच बोटीत बाई मासळीच्या पाट्या घेऊन चढल्या-उतरल्या होत्या. हे खुर्चीचं मला मुलीनं नंतर सांगितलं. मी त्या वेळी कॅज्युअल्टीच्या दारात उभी होते आणि बाहेर येणारी प्रत्येक रिक्षा बघत होते. ऊन रणरणत होतं. माझ्या डोक्यात एकच आवाज चालू होता, माझाच. छान. छान. इतका सहज, इतका हलका. मी तो शब्द दिवसात कितीदा म्हणते कुणास ठाऊक. झोप लागते? छान. कामावर जाता? छान. मुलगी पास झाली? छान. तो ऐकण्याचा शब्द नव्हताच. तो दारातल्या माणसासाठी वाजवायच्या घंटीसारखा होता.

त्या आल्या तेव्हा मला त्यांनी ओळखलं नाही. ओठ कोरडे पडले होते, हातांचे स्नायू आपले आपण उडत होते. रक्तातलं लिथियमचं प्रमाण इतकं जास्त आलं, की लॅबच्या पोरीनं खात्री करायला पुन्हा फोन केला. मूत्रपिंडंही दमली होती. सलाईन लावून भागणार नव्हतं. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी डायलिसिस करायचं ठरवलं, एकदा झालं, मग पेशींमधलं लिथियम परत रक्तात उतरलं म्हणून पुन्हा करावं लागलं. मी आयसीयूच्या काचेबाहेर उभी राहायचे. तिथे माझं काही काम नव्हतं. मुलगी बाकावर बसलेली असायची. ती माझ्याशी बोलायची नाही आणि मला जा असंही म्हणायची नाही.

बाई वाचल्या. आधी हे सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याच्या जीवाला घोर. वाचल्या, पण पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. लिथियमनं मेंदूचा तोल सांभाळणारा भाग कधी कधी कायमचा दुखावतो. महिन्याभरानंतरही त्यांचा उजवा हात कापत होता, चालताना पाय फाकत होते, बोलणं ओढल्यासारखं येत होतं. फिजिओथेरपीनं थोडं सुधारेल, असं आम्ही म्हणायचो. कोयता धरता येईल का, असं मुलीनं विचारलं, तेव्हाही आम्ही तेच म्हणालो.

आणि बाई आयसीयूत होत्या तेव्हाच पत्रही लिहायचं होतं. सात दिवसांची मुदत माझी समजूत काढायला थांबणार नव्हती.

हॉस्पिटलच्या वकिलांना बोलावलं गेलं. तरणाताठा माणूस, शब्द मोजून वापरणारा. त्याचं म्हणणं सोपं होतं. ‘चूक’ लिहू नका, ‘संवादात राहिलेली उणीव’ लिहा. ‘माफी’ लिहू नका, ‘आपणांस झालेल्या त्रासाबद्दल आम्हांस खेद आहे’ लिहा. मिठाचा उल्लेख टाळा. बाईंनी स्वतःच मीठ आणि विषबाधा यांचा संबंध जोडलेला नाही, मग आपण का जोडून द्यायचा?

"कारण तो आहे," मी म्हटलं.

"मॅडम, पत्र हा पुरावा असतो."

"पुरावाच आहे तो. खरा."

तो अधीक्षकांकडे बघायला लागला. अधीक्षक खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "त्या बाईला दुसऱ्या कुणी डॉक्टरनं उद्या परत लिथियम लिहून दिलं, तर? तिच्याकडे लेखी काय असेल? लिहू दे हिला."

मग मी जे लिहिलं, ते असं होतं. परिच्छेदांना नंबर होते, वर त्यांचे शब्द, खाली माझे. पहिल्याचं उत्तर मी एका ओळीत दिलं: आपल्याला दोन मिनिटं वाटली, नोंदीत चार आहेत, चारही पुरेशी नव्हती. दुसऱ्याखाली ‘मान्य’ एवढंच. तिसऱ्याखाली लिहिलं की दारात पुढचा पेशंट उभा करण्याची पद्धत माझी होती. ती त्या दिवशी आपलं बोलणं तोडण्याचं कारण ठरली. ती बंद केली आहे. चौथ्याखाली लिहिलं की नवीन गोळी पाहणं माझं काम होतं. पाचवा मी अनेकदा लिहिला आणि खोडला. शेवटी राहिलं ते हे:

‘आपण मीठ सोडल्याचे मला सांगितले होते. ते मी ऐकले नाही. लिथियम घेणाऱ्या व्यक्तीने मीठ सोडणे धोक्याचे असते, हे मी त्याच क्षणी सांगून रक्त तपासायला हवे होते. त्याऐवजी मी "छान" म्हणाले. ही माझी चूक आहे आणि त्याबद्दल मी आपली माफी मागते.’

सहाव्याखाली रक्ततपासणी का राहून गेली ते लिहिलं, म्हणजे कारण नव्हतंच, तेच लिहिलं. फोनवर ‘तारखेलाच या’ हे उत्तर आता लिथियमच्या पेशंटला दिलं जाणार नाही. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं यांपैकी काहीही सांगितलं तर त्याच दिवशी बोलवायचं, हे लेखी काढलं. आपली तक्रार आपण शुक्रवारच्या आधी दिली, मी ती शुक्रवारी घाईत वाचली आणि सोमवारी नीट वाचली, हेही लिहिलं. वकील म्हणाला, हे तर कुणी विचारलंही नव्हतं. शेवटी, हे उत्तर समाधानकारक वाटलं नाही तर मानसिक आरोग्याच्या मंडळाकडे दाद मागण्याचा आपला हक्क आहे, आणि त्यासाठी हवी ती कागदपत्रं आम्ही देऊ.

पत्रावर माझी सही झाली, अधीक्षकांची झाली, जावक नंबर पडला. ते घरच्या पत्त्यावर गेलं.

त्यानंतर काही दिवस मला घरचं जेवण जाईना. एकदा मी मुद्दाम मीठ न घालता जेवले. दुपारी डाळभात, संध्याकाळी भाजी-पोळी. म्हटलं, बघू तरी. संध्याकाळच्या दुसऱ्या घासाला उठून सट काढला. एक दिवसही काढता आला नाही. ज्या माणसाच्या घरात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास असतो, ताटात खारं नसेल तर जेवण झालं असं वाटत नाही, त्यानं ते किती दिवस काढलं असेल, हे मला त्या घासाशी कळायला लागलं. पण त्यांनी ते का काढलं, हे तेव्हाही कळलं नव्हतं. दवाखान्यात सांगितलं म्हणून, एवढंच मी धरून चालले होते.

ओपीडीत आता दार बंद असतं. गर्दी वाढते, बाहेर लोक वैतागतात, मावशी आत डोकावून डोळे मोठे करतात. दुपारचं जेवण चहाच्या वेळी होतं. पेशंट बोलत असताना मी पेन खाली ठेवते. तरी कधी कधी, कुणी सरळ साधं काही सांगत असताना, दाराशी कुणीतरी टेकून उभं आहे असं मला वाटतं. मी वर बघते. दार बंद असतं. पुन्हा वळले की पुन्हा तेच. हे भास नाहीत, हे मला माझ्या शिक्षणानं माहीत आहे. काय आहे, ते मात्र ठाऊक नाही.

बाई पुढच्या तपासणीला आल्या, तेव्हा मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायची तयारी ठेवली होती. तसं मुलीला सांगितलंही. बाई काठी टेकत आत आल्या आणि माझ्याच समोरच्या खुर्चीत बसल्या. कोळीवाड्यातल्या बायका कुणालाही अहो-जाहो करत नाहीत, डॉक्टरलाही नाही. मला ते नेहमी आवडायचं.

"दुसऱ्याकडं कशाला?" त्या सावकाश, ओढत म्हणाल्या. "तुला आता सगलं म्हाईत झालंय."

मुलगी बाजूला उभी होती. मी तिला स्टूल दिलं. नवीन औषध कसं चालतंय ते विचारलं, झोप विचारली, रक्ताचे रिपोर्ट बघितले, पट्ट्या एकेक करून हातात घेऊन बघितल्या. मग मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पत्र मिळालं?"

"मिललं. हिनं वाचून दाखवलं. दोनदा." त्यांनी कापता हात दुसऱ्या हातानं धरला. "चांगलं लिवलंस. पन एक चुकलंय त्यात."

मला वाटलं तारीख असेल, गोळीचं नाव असेल. "काय चुकलं?"

"तू लिवलंस, मी ऐकलं नाय म्हनून. आनी मी मीठ का सोडलं, ते तू लिवलं नाय."

"गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

"त्यानं कमी कर म्हनलं. सोड नाय म्हनलं." त्या थांबल्या. शब्द जमवायला त्यांना आता वेळ लागतो. पूर्वी इतका वेळ मी कधी दिला नसता. "मीच सोडलं, आनी मग गिलवंना. नुसता भात पन उलटून येत व्हता. त्या दिवशी बोटीत बसले तवा ठरवलंवतं, डाक्टरला सांगायचं, माझ्याच्यानं होत नाय, आनी घरी जाऊन सुका बोंबील भाजून खायचा. मी सोडलंय म्हनले, फुडचं बोलनारच व्हते. तर तू छान म्हनलीस."

त्यांनी दम घेतला.

"मग मी घरी गेले आनी हिला सांगितलं, डाक्टर मना छान म्हनली. इतकी वरसं येतंय, तू कदी मना छान म्हनली नव्हतीस. मग कसं खानार?"

मुलगी रडायला लागली. बाई रडल्या नाहीत, त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला वाटतं त्या मला दोष देत नव्हत्या. त्या फक्त पत्र बरोबर करत होत्या. मी रडले. पेशंटसमोर रडू नये असं शिकवलेलं असतं. मी रडले आणि त्यांनी काठी टेकवलेली ठेवून दुसरा हात टेबलावर पुढे केला. तो थरथरत होता आणि मी तो धरला.

त्या गेल्यावर मी अधीक्षकांकडे गेले. म्हटलं, उत्तराला पुरवणी जोडायची आहे. त्यांनी फाईल काढून दाखवली. मुलीनं समाधान झाल्याची सही आधीच पाठवली होती, तक्रार निकाली निघाली होती, शिक्का पडला होता. "आता त्यात काही घालता येत नाही," ते म्हणाले. "काय घालायचं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी फाईल परत कपाटात ठेवली.

मी लिहिलं होतं की मी ऐकलं नाही. ते खरं असतं तर बरं झालं असतं. मी काहीच बोलले नसते, तर बाईंनी त्या संध्याकाळी बोंबील भाजला असता. इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेली एकमेव शाबासकी त्यांनी जपली, आणि ती जपण्यासाठी अळणी भात गिळत राहिल्या. पत्रात हे नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.